कथा: सरकवलेला स्टॉप (आणि वहीबद्दल एक प्रश्न)

ध्रुवपद

बऱ्याच दिवसांनी काहीतरी लिहून पूर्ण केलं आहे. आधी कथा, मग प्रश्न.

नियम वहीच्या पहिल्याच पानावर होता. एका ट्रेडमध्ये भांडवलाच्या १ टक्क्याहून जास्त घालवायचं नाही आणि एकदा ठरवलेला स्टॉप खाली सरकवायचा नाही. भांडवल १ लाख, म्हणजे एका वेळी फार तर १००० जाणार. दोन वाक्यं, खाली दोनदा ओढलेली रेघ.

त्या सकाळी त्याने २५० ला शेअर घेतला. स्टॉप २४५, टार्गेट २५९. पाचाचा फरक, म्हणून क्वांटिटी २००. सगळं वहीत लिहिलं. स्टॉपची ऑर्डर मात्र सिस्टिममध्ये टाकली नाही. आदल्या दिवशी त्याचा स्टॉप अगदी तळाला उडाला होता आणि तिथून भाव वळून, त्याला मागे ठेवून, थेट टार्गेटपर्यंत गेला होता. आज समोर बसून लक्ष ठेवू, वेळ आली तर हाताने विकू, असं त्याने ठरवलं.

भाव २४५.४० वर आला तेव्हा त्याचा हात माऊसवरच होता. मग २४४.९०. त्याने विक्रीची खिडकी उघडली, क्वांटिटीत २०० टाकले आणि थांबला. पंधरा मिनिटांचा चार्ट बंद केला, दिवसाचा उघडला. एवढा वेळ जी पडझड वाटत होती ती तिथे बोटभर लांबीची एक कांडी होती, आणि तिच्या खाली २४२ ला जुना सपोर्ट दिसत होता. त्याला एकदम मोकळं वाटलं. स्टॉप २४२.

२४२ कधी गेलं ते त्याला नीटसं आठवत नाही. २४० ला त्याने आणखी २०० घेतले. सरासरी आली २४५. आता फक्त २४५ दिसू दे, सगळं विकून सुटतो, असं तो स्वतःशी म्हणत राहिला. सकाळी याच आकड्यावर त्याला बाहेर पडायचं होतं आणि तेव्हा तो आकडा त्याला सहन झाला नव्हता.

बाजार बंद होण्याआधी त्याने ४०० च्या ४०० शेअर २३१ ला विकले. तोटा ५६००.

रात्री वही उघडली. या ट्रेडच्या ओळीत 'कारण' रकान्यात त्याने लिहिलं, 'सपोर्ट तुटला नव्हता'. लिहिताना हात अडखळला, कारण हे वाक्य आपण आधी लिहिलंय असं वाटलं. चार पानं मागे तेच वाक्य. आणखी मागे, पुन्हा तेच. त्याने शेवटचे ६० ट्रेड काढले आणि समासात पेन्सिलीने एक नवा रकाना आखला: ठरवलेल्या जोखमीच्या किती पट मिळाले किंवा गेले. १००० गेले तर उणे १, ५६०० गेले तर उणे ५.६.

स्टॉप सरकवलेले ट्रेड नऊ निघाले. त्यातल्या पाचांत भाव परत आला होता आणि तो थोडक्यात वाचला होता. पाचांचे मिळून अधिक १. उरलेल्या चारांत उणे २.५, २.८, ३.१ आणि आजचे ५.६, मिळून उणे १४. नियम पाळला असता तर नऊ वेळा उणे १, म्हणजे उणे ९. नियम मोडून उणे १३.

पण त्याची नजर खिळली ती दुसऱ्याच गोष्टीवर. नऊपैकी सात वेळा, लगेच आधीच्या ट्रेडसमोर एकाच अर्थाचा शेरा होता: 'स्टॉप उडाला, मग वर गेला'. आणि नऊच्या नऊ वेळा 'कारण' रकान्यातली शाई एन्ट्रीच्या शाईपेक्षा वेगळी होती. कारण त्याने दर वेळी नंतर लिहिलं होतं.

त्याने पहिल्या पानावरच्या नियमाला हात लावला नाही. फक्त एक रकाना वाढवला: 'स्टॉप सरकवण्याआधी लिही, किती वाजता आणि का.'

(समाप्त)

प्रश्न असा: नऊपैकी पाच वेळा नियम मोडून माणूस वाचत असेल, तर त्याने वहीतून काय घ्यावं? स्टॉपची जागा चुकते आहे, की हात चुकतो आहे?

मेघना_

मोठ्या टाइमफ्रेमवर गेल्यावर मोकळं वाटण्याचा तो क्षण वाचून अंगावर काटा आला. मी हे करते. तोटा वाढायला लागला की चार्ट लांबचा होत जातो. नफ्यात असताना कधी दिवसाचा चार्ट उघडल्याचं आठवत नाही.

शून्यप्रहर

कथा छान, पण मुळातच गृहीतक चुकतंय. स्टॉप सिस्टिममध्ये टाकूच नये. सपोर्टच्या जरा खाली सगळ्यांचे स्टॉप साठलेले असतात, मोठे खेळाडू भाव तिथे नेतात, माल गोळा करतात आणि वर नेतात. पाच वेळा भाव परत आला, हा त्याचाच पुरावा. आणि कंपनी चांगली असेल तर २३१ ला विकायचं कशाला? पुढे भाव परत आला का ते कथेत सांगितलंच नाही.

हिशोबनीस

@शून्यप्रहर, सपोर्टखाली स्टॉप साठतात हे खरं आहे, आणि भाव तिथपर्यंत जाऊन वळतो हेही बऱ्याचदा दिसतं. पण त्यावरून निघतं एवढंच, की सगळ्यांनी ठेवलाय त्याच आकड्यावर आपण स्टॉप ठेवू नये. स्टॉप नकोच, असं त्यातून निघत नाही. आणि याने तो दिवसभराच्या हालचालीसाठी घेतला होता. टार्गेट नऊ रुपयांवर, आणि तोटा झाल्यावर कंपनी चांगली! हे कारण एन्ट्रीच्या वेळी वहीत नव्हतं.

परत येईल म्हणून धरून ठेवण्याबद्दल: ही सवय इतकी सार्वत्रिक आहे की १९८५ साली हर्श शेफ्रिन आणि मेयर स्टॅटमन यांनी तिला नाव दिलं, डिस्पोझिशन इफेक्ट. नफ्यातलं घाईने विकायचं, तोट्यातलं कवटाळायचं. पुढे १९९८ मध्ये टेरन्स ओडीन यांनी एका ब्रोकरकडची १० हजार खाती तपासली. लोकांनी नफ्यात विकून टाकलेले शेअर पुढच्या काळात, तोट्यात धरून ठेवलेल्या शेअरांपेक्षा सरासरीने चांगले चालले होते.

आता धागाकर्त्याच्या आकड्यांकडे येतो, कारण मला तिथे एक अडचण दिसते. नऊ ट्रेडमधून शेवटचा, उणे ५.६ वाला, बाजूला काढा. राहिले आठ. त्यांचे मिळून अधिक १ आणि उणे ८.४, म्हणजे उणे ७.४. नियम पाळला असता तर उणे ८. म्हणजे आदल्या रात्री कोणी हीच वही उघडली असती तर तिने सांगितलं असतं की नियम मोडणं किंचित फायद्याचं आहे! कथेतला सगळा धडा एका ट्रेडवर उभा आहे.

मेघना_

मग धडा खोटा म्हणायचा का?

हिशोबनीस

नाही, पण तो सरासरीतून येत नाही. स्टॉप पाळला तर सगळ्यात वाईट निकाल साधारण उणे १ असतो. मोडला तर खाली मर्यादाच नाही. असे मोठे तोटे विरळा येतात, त्यामुळे ते येईपर्यंत वही गोडच बोलते. आठ वेळा त्याला 'चालतंय' असंच दिसत होतं, म्हणून तर नवव्यांदा त्याने अॅव्हरेजही केलं. ५.६ चा ट्रेड बाजूला काढून हिशोब करणं म्हणजे ज्या गोष्टीसाठी स्टॉप असतो नेमकी तीच बाजूला काढणं.

तरी नऊ हा आकडा लहानच आहे. यावरून 'मोडल्याने इतकं जातं' असा दर काढू नका.

उंबरठा

माझा अनुभव थोडा वेगळा. मी १२० ला घेतला होता, स्टॉप ११६, ऑर्डर सिस्टिममध्ये टाकलेली. रात्रभर धरला. सकाळी बाजार उघडला तोच ११०.८० ला. स्टॉप चालला, पण विक्री झाली ११०.८० ला. चारऐवजी ९.२० गेले. मी काहीही सरकवलं नव्हतं. वहीत हा ट्रेड लाल पेनने 'नियम मोडला' असा लिहिला आणि महिनाभर स्वतःला कोसत राहिलो.

तळटीप

@उंबरठा, म्हणूनच स्टॉप लिमिट लावावा. ११६ ट्रिगर, ११५.५० लिमिट. मग त्याच्या खाली विकलंच जात नाही. तोटा बांधलेला राहतो.

हिशोबनीस

@तळटीप, अर्धं बरोबर. ११५.५० च्या खाली विकलं जाणार नाही हे खरं. पण भाव ११०.८० ला उघडला तर लिमिट ऑर्डर तशीच पडून राहते आणि शेअर तुमच्याकडेच राहतात. तोटा बांधला जात नाही, फक्त विक्री थांबते, आणि भाव १०५ ला गेला तरी तुम्ही आतच. साध्या स्टॉपमध्ये भावाची हमी नसते, लिमिटमध्ये बाहेर पडण्याची नसते. कशाची हमी सोडायची ते आधी ठरवावं लागतं. दिवसभरात, भरपूर उलाढाल असलेल्या शेअरमध्ये लिमिट चालून जातं. रात्री धरायचा असेल तर मी साधाच लावतो.

@उंबरठा, लाल पेन पुसून टाका. ठरवलेल्या जोखमीच्या २.३ पट गेले, पण नियम पाळूनच. वहीत 'तोटा मोठा का झाला' याला किमान दोन खाती हवीत, बाजाराने उडी मारली आणि मी सरकवला. दोन्ही एकाच रंगात लिहिलं तर पुढे काहीच शोधता येत नाही. तुमच्या बाबतीत प्रश्न असा आहे की रात्री धरायचा होता तर क्वांटिटी कमी का नव्हती.

उंबरठा

हे कोणी आधी सांगितलं असतं तर महिनाभराची झोप वाचली असती. मनापासून आभार.

मेघना_

@उंबरठा, असं नाव घेतल्यावर बाजार थेट घरातच उडी मारणार की हो :)

अनवट

मला ट्रेडिंगमधलं कळत नाही, कथा म्हणून वाचली. २४५ चा आकडा दोनदा येतो ती जागा फार आवडली. तीच संख्या सकाळी तोट्याची आणि दुपारी सुटकेची. वेगळ्या शाईचा तपशीलही पक्का आहे. पण 'एक रकाना वाढवला' हा शेवट मला घाईचा वाटला. ज्याने पहिल्या पानावरचा नियम नऊदा मोडला तो नवा रकाना का पाळेल? आणि एक खाजगी प्रश्न, उत्तर दिलं नाही तरी चालेल. वही तुमचीच ना?

ध्रुवपद

हो. कथा आहे, पण वही माझी आहे. आकडेही माझेच.

रकाना का पाळेन याचं उत्तर मला एवढंच माहीत आहे की सरकवताना मी काहीच शब्दांत मांडत नव्हतो. खिडकी उघडायची, थांबायचं, चार्ट बदलायचा, सगळं मिळून वीस सेकंद. कारण संध्याकाळी तयार व्हायचं. 'सपोर्ट तुटला नव्हता' हे वाक्य मी नऊपैकी सात वेळा जसंच्या तसं लिहिलंय, आणि त्यातल्या तीन ट्रेडमध्ये चार्टवर मला आज सपोर्ट सापडतसुद्धा नाही.

कासवगती

उशिरा येतोय. सगळे हातावर बोलताहेत, मी जागेवर बोलतो. मूळ प्रश्नाचा तो अर्धा भाग तसाच राहिलाय.

पाच ट्रेडमध्ये भाव स्टॉपच्या खाली जाऊन परत आला. किती खाली गेला होता? दीड-दोन रुपये जाऊन वळला असेल तर २४५ हा स्टॉप त्या शेअरच्या रोजच्या हेलकाव्याच्या आतच ठेवलेला होता. मग तो उडणारच. अशा वेळी स्टॉप २४२.५० ला ठेवावा आणि क्वांटिटी कमी करावी. साडेसातचा फरक, १००० ची जोखीम, म्हणजे १३३ शेअर. १ टक्क्याचा नियम अबाधित, आणि सरकवण्याची पाळीच येत नाही. मी दोन वर्षं असंच करतो, मला त्रास नाही.

शून्यप्रहर

हेच तर मी म्हणत होतो.

कासवगती

नाही हो, तुम्ही स्टॉप नकोच म्हणत होतात :)

हिशोबनीस

@कासवगती, दिशा बरोबर आहे, पण हे फुकट नाही. १३३ शेअर घेतले की टार्गेट गाठल्यावरचा नफाही कमी होतो. आधी २०० शेअरवर नऊ रुपये म्हणजे १८००, आता सुमारे १२००. जोखमीच्या १.८ पटीवरून १.२ पटीवर. रुंद स्टॉप काही तोट्यातले ट्रेड वाचवतो, पण त्याची किंमत प्रत्येक नफ्यातला ट्रेड भरतो.

@ध्रुवपद, साठांपैकी टार्गेटला किती पोचले ते सांगाल का?

ध्रुवपद

२४. सगळे साधारण १.८ पटीचे. उरलेल्या ३६ मध्ये भाव स्टॉपला लागला. त्यातले २७ मी पाळले, ९ मोडले.

हिशोबनीस

मग मांडू या. सगळे स्टॉप पाळले असते तर २४ गुणिले १.८, म्हणजे ४३.२, वजा ३६. अधिक ७.२. प्रत्यक्षात तुम्ही ९ मोडलेत, म्हणून अधिक ३.२. म्हणजे सिस्टिम बुडीत नाही. अर्ध्याहून जास्त कमाई नऊ ट्रेडमध्ये गेली.

आता रुंद स्टॉप. २४ गुणिले १.२ म्हणजे २८.८. तोट्यातले ३६ तसेच राहिले तर उणे ७.२. त्या ३६ पैकी एखादा ट्रेड तोट्यातून निघून टार्गेटला पोचला की हिशोब २.२ ने सुधारतो, कारण उणे १ जातो आणि अधिक १.२ येतो. जुन्या ७.२ ची बरोबरी करायला असे किमान सात ट्रेड वाचायला हवेत. पोचतात का सात? तुमचे पाच वाचले ते नुसते किंमत निघेपर्यंत, मिळून अधिक १. ते टार्गेटला गेले होते का?

दुसरं. 'सात वेळा आधीचा ट्रेड स्टॉप उडून वर गेलेला होता' हा शोध मला कथेतला सगळ्यात मोलाचा वाटला, पण त्याला छेद नाही. तसं एकूण किती वेळा झालं, आणि त्यानंतर किती वेळा तुम्ही नियम पाळलात? बहुतेक सगळ्याच स्टॉपनंतर भाव वर जात असेल तर सात या आकड्यात विशेष काही नाही.

ध्रुवपद

इथेच माझी वही मुकी आहे. पाळलेल्या २७ ट्रेडपुढे बाहेर पडल्यानंतर काय झालं ते मी लिहिलेलंच नाही. 'मग वर गेला' हा शेरा ज्या वेळी चडफड झाली त्याच वेळी लिहिला गेलाय. ज्या ट्रेडमध्ये स्टॉप उडाला आणि भाव आणखी कोसळला, म्हणजे स्टॉपने वाचवलं, तिथे शेरा एकही नाही.

कासवगती

हे मात्र पटलं. मी दोन वर्षं रुंद स्टॉप वापरतोय म्हणालो, पण वाचलेले किती आणि नफ्यातून गेलेलं किती हे माझ्याकडेही लिहिलेलं नाही. 'त्रास नाही' एवढंच सांगता येतं.

मेघना_

पण जागा कुठेही असली तरी हाताचं काय? उद्या २४२.५० ला स्टॉप ठेवला आणि २४२.४० आला, तर परवाचा स्टॉप उडालेला आठवणारच. माझ्यापुरतं सांगते. एन्ट्रीबरोबरच स्टॉपची ऑर्डर टाकते, आणि स्टॉप उडून भाव वर गेला की त्या दिवशी पुढचा ट्रेड घेत नाही.

तळटीप

दिवस बंद करणं मला पटत नाही. पुढचा ट्रेड चांगला असेल तर तो का सोडायचा? अर्धी क्वांटिटी घ्यावी. चुकला तरी अर्धाच जातो, आणि हातही बधिर होत नाही.

मेघना_

अर्ध्या क्वांटिटीत सरकवणं जास्त सोपं जातं, असा माझा अनुभव आहे. 'अर्धेच तर आहेत' म्हणून.

हिशोबनीस

या दोन्हींत कोण बरोबर ते इथे बसून सांगता येणार नाही. माणसागणिक वेगळं निघेल. स्टॉपची ऑर्डर एन्ट्रीबरोबर टाकण्याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. ऑर्डर टाकल्यावरही सरकवता येतेच, पण मग ती बदलायला हात उचलावा लागतो. ध्रुवपद यांच्या गोष्टीत काहीच न केल्याने नियम मोडला गेला. सरकवायला त्यांना एक बटणही दाबावं लागलं नाही.

अनवट

माझी हरकत मागे घेते. रकाना आता घाईचा वाटत नाही. पण कथेत ही 'मुकी वही' यायला हवी होती.

ध्रुवपद

पुढच्या खर्ड्यात येईल.

काल रात्रीपासून ते २७ ट्रेड जुन्या चार्टवर काढायला बसलोय. प्रत्येकात तीनच गोष्टी लिहितो: स्टॉपखाली भाव किती गेला, त्या दिवशी परत एन्ट्रीला आला का, टार्गेटला आला का. ११ झाले. त्यातले दोन टार्गेटला गेले, आणि त्या दोन्ही तारखा मला चार्ट न उघडता आठवत होत्या. दोन एन्ट्रीपर्यंत येऊन परत पडले. सात पडतच राहिले. त्या सातांपैकी एकही आठवत नव्हता. एक तर स्टॉपखाली ठरवलेल्या जोखमीच्या चौपट गेला होता. मी १००० देऊन बाहेर पडलो होतो आणि वहीत त्यापुढे फक्त एक फुली आहे.

@हिशोबनीस, एक अडलंय. दोन टार्गेटवाल्यांपैकी एक आधी २४२.५० च्या हिशोबाने रुंद स्टॉपलाही लागला, मग वर गेला. तो वाचलेल्यांत धरायचा नाही ना?

हिशोबनीस

नाही. रुंद स्टॉपही उडाला असता, तो उणे १ च. म्हणजे अकरात एक वाचला. उरलेले १६ झाले की आकडे इथेच टाका. आणि मोडलेल्या नऊलाही हेच तीन प्रश्न विचारा, त्यांना वगळू नका.